पहिल्या ओपन माइकचं पहिलं मिनिट, लोकलमधल्या एका सीटवरून

स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकला, म्हणजे जिथे नाव देऊन कोणीही स्टेजवर जाऊ शकतो, नवीन माणसाला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात, आणि त्यातलं पहिलं मिनिट गेलं की उरलेली चार मिनिटं तुम्ही फक्त घाम पुसत असता. माझं पहिलं मिनिट असंच गेलं होतं. घरी आरशासमोर मस्त वाटलेलं, स्टेजवर गेलो आणि हे बोललो, फोनवर रेकॉर्ड केलंय म्हणून जसंच्या तसं देतो:

"नमस्कार, कसे आहात सगळे? मजा येतेय ना? आवाज नाही आला... ओके. तर मी डोंबिवलीला राहतो, आणि तुम्हाला माहितीये डोंबिवली म्हणजे गर्दी, म्हणजे किती गर्दी असते ना ट्रेनला, लोक अक्षरशः लटकत असतात, आणि लोक पण ना काय एकेक विचित्र असतात, सीटसाठी तर लोक काय काय करतात, म्हणजे मी एकदा असाच चाललो होतो ऑफिसला..."

इथे चाळीस सेकंद झालेली आहेत. हसण्याचा आवाज शून्य. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली त्याचा आवाज आहे फक्त. गंमत म्हणजे त्या 'एकदा असाच चाललो होतो' नंतरचा किस्सा चांगला होता, पुढे त्याच किश्श्यावर मी पूर्ण मिनिट उभं केलं, पण त्या दिवशी तो येईपर्यंत लोक मनाने घरी गेले होते.

तर हे त्याच एका मिनिटाबद्दल आहे, एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून. लोकल घेतोय कारण मला तीच येते. पुणे-नाशिकवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

आधी आठवडाभर नुसतं टिपा

जोक लिहायला बसू नका. सात दिवस येता-जाता फोनच्या नोट्समध्ये रोज तीन ओळी टाका, आणि एकच नियम पाळा, मत लिहायचं नाही, कोणीतरी काय केलं किंवा काय बोललं ते लिहायचं. 'ट्रेनमध्ये खूप गर्दी असते' हे मत झालं, त्यात करण्यासारखं काही नाही, सगळ्यांनाच माहितीये. 'दारातला माणूस आत चढणाऱ्याला म्हणाला आत जागा नाही, आणि पुढच्या स्टेशनला स्वतः आत सरकला' ही घटना झाली. घटनेत माणूस असतो, त्याचं वाक्य असतं, आणि स्टेजवर तुम्ही तो माणूस होऊ शकता. मत घेऊन स्टेजवर फक्त भाषण करता येतं.

माझ्या त्या आठवड्याच्या नोटमधल्या काही ओळी: चौथ्या सीटवरचा माणूस अर्धा हवेत बसून पूर्ण पेपर वाचतोय. भजनी मंडळातल्या एकाला फोन आला, टाळ न थांबवता 'मीटिंगमध्ये आहे' म्हणाला. एका काकांनी मला 'कुठे?' एवढंच विचारलं. एसी लोकलचं दार बंद होताना एकाची छत्री अडकली, छत्री आत, तो बाहेर.

यातलं कुठलं घ्यायचं? मोह होतो सगळी घ्यायचा. एका मिनिटात चार निरीक्षणं घातली की प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळतात, आणि प्रत्येक वेळी लोकांना नव्याने डब्यात शिरावं लागतं. पहिल्या मिनिटाला एकच निरीक्षण, एकच डबा, दोनच माणसं, त्यातला एक तुम्ही.

चाळणी

माझी चाळणी अगदी साधी आहे. पहिलं, समजावून सांगावं लागतंय का ते बघायचं. दादरचंच बघा, डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलून ८ ते १४ केले, आणि त्यावर मला धमाल जोक सुचला होता. पण तो कळायला आधी पश्चिमेचे फलाट १ ते ७ आहेत, पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, मग बदललं, हे सगळं सांगावं लागतं, त्यात वीस सेकंद जातात, आणि बांद्र्याहून आलेली पोरं एकमेकांकडे बघतात. तो जोक मी आता चौथ्या मिनिटाला करतो, तोपर्यंत लोक माझ्याबरोबर असतात, थोडी मेहनत करायला तयार असतात. पहिल्या मिनिटात ते फुकटची मेहनत करणार नाहीत.

दुसरं, हे दुसरा कोणी माझ्याआधी बोलून गेला असेल का. विरारची गर्दी, बोरिवलीला उतरायचं ठरवून विरार फास्टमध्ये चढणारा, लेडीज डब्यातली भांडणं, 'पुढे चला, पुढे चला'. याच रात्री, याच माइकवर, तुमच्याआधी दोघांनी हे केलेलं असायची दाट शक्यता आहे. विषय सेम असला तर चालतो, मागचा विचार सेम असला की मेलात. म्हणून नंबर लागायच्या आधी बाहेर चहा पीत बसू नका, आत बसून पुढच्यांचे सेट ऐका. तुमच्याआधीच्याने लोकलची सीट घेतलीच असेल तर तुमचं पहिलं वाक्य बदलावं लागेल, ते निदान माहीत तरी हवं.

तिसरं, त्या क्षणी तुम्हाला नक्की काय वाटलं होतं. चीड आली, लाज वाटली, भीती वाटली, काहीही चालेल, पण एक काहीतरी हवं. छत्री अडकली ते मजेशीर होतं पण मला काही वाटलं नव्हतं, मी लांबून बघत होतो. 'कुठे?' विचारणाऱ्या काकांच्या वेळी मात्र मला भयंकर संकोच वाटला होता. म्हणून काका निवडले.

वळण शोधणं

लोकलने जाणाऱ्याला हा प्रकार सांगायला नको. बसलेल्या माणसाला उभा माणूस विचारतो, 'कुठे?', म्हणजे तुम्ही कुठे उतरणार. तुम्ही स्टेशन सांगितलं की ती सीट तिथून पुढे त्याची, तोंडी करार, आणि आजूबाजूचे सगळे साक्षीदार. मग मागून दुसरा कोणी आला तर त्याला सांगितलं जातं, 'यांचं मी विचारलंय'.

नुसतं हे सांगितलं तर लोक मान डोलावतील. 'हो हो, असंच असतं.' नवीन माणूस इथेच फसतो. मान डोलावणं त्याला पसंती वाटते, पण रेकॉर्डिंगमध्ये मान डोलावल्याचा आवाज येत नाही. निरीक्षण खरं आहे एवढ्यावर हसू येत नाही, लोकांनी मनात एक गोष्ट धरलेली असते आणि तुम्ही तिला दुसरीकडे नेता तेव्हा येतं.

तर कागद घ्या आणि लिहा, हे ऐकताना लोक काय धरून चालतात. माझी यादी अशी झाली. एक, 'कुठे?' विचारणाऱ्याला फक्त सीटशी मतलब असतो, माणसाशी नाही. दोन, सांगितलेल्या स्टेशनला मी खरोखर उतरणार आहे. बस, एवढीच यादी. आता एकेक उलटं करा. पहिलं उलटं केलं की काका माझ्यावर माया करायला लागतात, आईसारखी. दुसरं उलटं केलं की मी काकांना कुर्ला सांगितलंय, पण मला तिथे उतरायचंच नाहीये. पहिल्यावर मिनिटाचा मधला भाग उभा राहिला आणि दुसऱ्यावर शेवट. हे दुसरं खरंच घडलं होतं बरं का, जुनी नोकरी कुर्ल्याला होती, सवयीने तोंडातून कुर्ला गेलं. काकांनी बॅग काढून देणं वगैरे मात्र वाढवलंय. मुळातली भावना खरी असली की तपशील वाढवायला काही हरकत नाही, पण जे वाढवाल ते लोकलमध्ये घडू शकणारं पाहिजे. यावर पुढे येतोच, मला एकदा मार पडलाय.

साठ सेकंदांचा नकाशा

आधी शब्दांचा हिशोब. मी स्टेजवर मिनिटाला साधारण १३०-१४० शब्द बोलतो, पण त्यात हसण्यासाठी थांबायचं असतं, काकांचा अभिनय असतो, म्हणून कागदावर १०० ते ११० शब्दच ठेवतो. पहिल्यांदा करताय तर शंभरच्या वर जाऊच नका, कारण पहिल्यांदा सगळेच पळत बोलतात, आणि पळत बोलणारा हसायला जागा ठेवत नाही. लोक हसायला लागतात, तुम्ही पुढचं वाक्य सुरू करता, पुढचं ऐकायचं म्हणून ते हसणं गिळतात, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा हसायचा प्रयत्नच करत नाहीत.

पहिलं हसू दहा सेकंदांच्या आत. छोटं चालेल. ते हसू जोकसाठी नसतंच खरं तर, हा माणूस जमवेल असं लोकांना वाटावं म्हणून असतं, अनोळखी माणूस स्टेजवर आला की प्रेक्षकच टेन्शनमध्ये असतात. मग पंधरा-वीस सेकंदांत प्रसंग उभा करायचा, कोण कुठे कसा उभा आहे, आणि तिथे दुसरं हसू. मग मधली वीस सेकंदं वाढवत न्यायची, नवीन माहिती न देता त्याच गोष्टीवर आणखी एक, आणखी एक, याला टॅग म्हणतात, सेटअप म्हणजे आधीची तयारी न घालता फुकटात मिळालेला पंच, म्हणजे हसवणारी जागा. शेवटच्या दहा सेकंदांत वळण. म्हणजे मिनिटभरात चार-पाच ठिकाणी आवाज यायला हवा, त्यातला एक मोठा, शेवटी.

आता तेच माझं मिनिट, सहा-सात वेळा घासून झाल्यानंतरचं:

"मी डोंबिवलीला राहतो. आणि गेल्या मंगळवारी, सकाळच्या फास्टमध्ये, मला मिळाली... सीट.

(थांबा) टाळ्या वाजवल्यात तरी चालेल.

बसलो. समोर एक काका. नमस्कार नाही, काही नाही. एकच शब्द. 'कुठे?' मी झोपेत. म्हटलं, 'कुर्ला.'

काकांच्या डोळ्यांत जे प्रेम आलं ना... असं माझ्याकडे याआधी एकाच माणसाने बघितलंय. विमा एजंटने.

ठाणे गेलं. काका वाकले. 'झोपा तुम्ही. मी उठवतो.' मी उठवतो! हे मला शेवटचं कोण म्हणालं होतं? आई. दहावीला.

घाटकोपर. खांद्यावर हात. 'चला साहेब, आलं.' बॅग काढून हातात दिली. चौघांना बाजूला केलं. 'जाऊ द्या साहेबांना, जाऊ द्या.'

(थांबा) प्रॉब्लेम एकच. कुर्ल्याची नोकरी मी सोडलीय. जूनमध्ये.

ऑफिस आता भायखळ्याला. पण काकांनी एवढं केलं माझ्यासाठी... उतरलो."

शंभराच्या आसपास शब्द आहेत, मोजून बघा. पहिल्या ड्राफ्टमध्ये हाच किस्सा याच्या तिप्पट होता. काय काय गेलं? 'नमस्कार, कसे आहात' गेलं. डोंबिवलीत गर्दी असते हे गेलं, कारण 'मिळाली सीट' म्हणून थांबलं की गर्दी लोक स्वतःच मनात भरतात, आणि स्वतः भरलेलं जास्त हसवतं. काकांचं वय, शर्ट, डबा, सगळं गेलं. ऑफिसात काय काम करतो ते गेलं. सेटअपमधल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा, हे काढलं तर पुढचा पंच मरतो का? मरत नसेल तर काढा. 'मी झोपेत' ठेवलंय, कारण ते काढलं तर 'झोपा तुम्ही' आणि शेवटची चूक, दोन्ही लंगडी होतात.

मराठीतली एक खास अडचण

हा मुद्दा कोणी सांगितला नव्हता, मला बऱ्याच मार खाण्यातून कळला. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आणि पंचचा शब्द शेवटी यायला हवा, कारण तो ऐकला की लोक हसतात आणि त्यानंतर तुम्ही जे बोलाल ते हसण्यात जातं किंवा हसणं मारतं. आता आपलं सरळ वाक्य बघा. 'याआधी माझ्याकडे असं एका विमा एजंटने बघितलं होतं.' 'विमा एजंट' हा पंच, आणि त्याच्यानंतर 'ने बघितलं होतं' एवढी शेपूट. लोक हसायला तोंड उघडतात तोवर तुम्ही अजून बोलताय. मग ते तोंड मिटतात.

यावर उपाय मराठीतच आहे, आपण घरी बोलताना शब्द इकडेतिकडे करतोच की. वाक्य दोन भागांत फोडा. आधी क्रियापद उरकून टाका, 'असं माझ्याकडे याआधी एकाच माणसाने बघितलंय', इथे क्षणभर थांबा, आणि मग एकटा शब्द, 'विमा एजंटने'. तसंच 'दहावीला मला आई असं म्हणायची' ऐवजी 'शेवटचं कोण म्हणालं होतं? आई. दहावीला.' आणि 'मला सीट मिळाली' ऐवजी 'मला मिळाली... सीट.' लिहून झालं की प्रत्येक पंचच्या शेवटच्या शब्दावर गोल करा. गोलात 'होता', 'आहे', 'म्हणून', 'वगैरे' असे शब्द येत असतील तर वाक्य फिरवा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पाचापैकी चार गोलांत 'होतं' होतं. याला अपवाद म्हणजे क्रियापदच पंच असेल तर, जसं शेवटचं 'उतरलो'. तिथे मराठी आपोआप आपल्या बाजूने असते, काही करावं लागत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, 'ना', 'म्हणजे', 'ॲक्च्युली' हे शब्द बोलीत गोड लागतात, सेटअपमध्ये असू दे एखाद-दुसरा, पंचच्या वाक्यात एकही नको.

स्टेजवरची पहिली पाच सेकंदं

होस्ट नाव घेतो, टाळ्या पडतात, तुम्ही जाता. टाळ्या संपायच्या आत बोलायला सुरुवात करू नका, पहिलं वाक्य टाळ्यांत गेलं तर 'डोंबिवली' ऐकूच येत नाही आणि मग 'सीट'वर का हसायचं हे लोकांना कळत नाही. माइक स्टँडवरून काढा, स्टँड उचलून मागे किंवा बाजूला ठेवा, समोर एकदा बघा, मग सुरू. स्टँड समोर राहिला तर काकांसारखं वाकता येत नाही, आणि वाकणं हा यातला अर्धा जोक आहे. वायर पायात येत नाही ना एवढं बघा. माइक हनुवटीपाशी, तोंडाला चिकटवून नाही, आणि काकांचा आवाज काढताना मान वळवली की माइकही वळवायचा, हे सगळे विसरतात, नेमका पंच माइकच्या बाहेर बोलला जातो. घरी सराव करताना हातात कंगवा नाहीतर लाटणं धरा, हसू नका, नुसत्या रिकाम्या हातांनी केलेला सराव स्टेजवर उपयोगाचा नाही.

काका करताना ठरवून घ्या की तुम्ही बसलेले आहात आणि काका उभे. म्हणजे काका बोलतात तेव्हा नजर खाली, तुम्ही बोलता तेव्हा नजर वर. एवढ्याने 'काका म्हणाले', 'मग मी म्हणालो' ही सगळी वाक्यं वाचतात, त्यातच माझे सात-आठ सेकंद वाचले. काकांना विचित्र मराठी, तोतरेपणा, कुठल्यातरी भागाचा हेल असलं काही देऊ नका. काका गोड आहेत म्हणून शेवट चालतो. त्यांची टिंगल केली तर मी कुर्ल्याला का उतरलो हेच कळणार नाही.

आणि 'टाळ्या वाजवल्यात तरी चालेल' हे वाक्य पाठ करून ठेवलेलं आहे पण ते तेव्हाच बोलायचं जेव्हा 'सीट'वर काहीतरी आवाज आलाय. काहीच आला नाही तर ते वाक्य भीक मागितल्यासारखं वाटतं. त्या वेळी सरळ 'बसलो' वर जायचं. अशी एक फांदी आधीच ठरवलेली असू दे, स्टेजवर विचार करायला वेळ नसतो.

रेकॉर्डिंग ऐकणं, आणि कुठे बिघडलं ते ओळखणं

फोन खिशात रेकॉर्डवर टाकून जा. दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको, त्या रात्री सगळंच एकतर भारी नाहीतर भिकार वाटतं. कागदावर सेकंद लिहा आणि प्रत्येक आवाजासमोर खूण करा, माझी पद्धत अशी, नुसता फिसकन् आवाज असेल तर १, थोडे लोक हसले तर २, खोली हसली तर ३. शांतता असेल तर तीही लिहायची.

शांतता दोन प्रकारची असते आणि औषध वेगळं असतं. पंचनंतर सगळे गप्प आणि तुमच्याकडे बघतायत, म्हणजे अजून काहीतरी येणार असं त्यांना वाटतंय, म्हणजे त्यांना पंच आला हेच कळलं नाही. इथे सेटअपमध्ये एखादी माहिती कमी पडलीय. दुसरा प्रकार, लोक 'हां' करून पुढे बघतात, म्हणजे कळलं पण आधीच दिसलं होतं. इथे सेटअपने जास्त सांगितलंय. माझा शेवट तीन माइक असाच पडत होता. तेव्हा वाक्य होतं, 'झोपेत माझ्या तोंडून चुकून कुर्ला गेलं.' अरे, 'चुकून' म्हटल्यावर शेवट काय राहिला? सगळ्यांना तिथेच कळलं. 'चुकून' काढला आणि तेवढ्यानेच शेवटावर हसू यायला लागलं.

मग दुसरी अडचण आली. तेव्हा वळण असं होतं, 'प्रॉब्लेम एकच. माझं ऑफिस भायखळ्याला आहे.' हसू यायचं पण अर्ध्यात तुटायचं. शो संपल्यावर एका मुलीने विचारलं, 'मग तू कुर्ला का म्हणालास?' बरोबर होतं तिचं. लोक हसता हसता हाच हिशोब करत होते, आणि हिशोब करणारा माणूस हसत नाही. म्हणून कारण आणि वळण एकाच वाक्यात आणलं, 'कुर्ल्याची नोकरी मी सोडलीय. जूनमध्ये.' सवयीने कुर्ला म्हणाला हे न सांगता कळतं, आणि भायखळा नंतर आला तरी चालतो.

आणि तो मार. सुरुवातीला मी सहज म्हणायचो, 'डोंबिवलीहून फास्ट पकडली, खिडकीत बसलो.' ठाण्याच्या एका माइकला मागून आवाज आला, 'डोंबिवलीला खिडकी?' आणि सगळी खोली हसली, माझ्यावर. त्यांचं काय चुकलं, सकाळी डोंबिवलीला फास्टमध्ये चढायला मिळालं तरी नशीब. दोन दिवस राग होता, मग लक्षात आलं की त्या माणसाने मला माझा पहिला जोक फुकट दिला होता. खिडकी काढली, सीटला चमत्कार केलं, आणि तीच पहिली ओळ झाली. तर प्रवासाचा तपशील चुकवू नका. फास्ट गाडी विद्याविहारला थांबवलीत, दादरनंतर कुर्ला आणलंत, की खोलीतले रोजचे प्रवासी तुमच्या जोकवरून उतरून टाइमटेबलवर चढतात.

एक मिनिट पक्कं झालं असं कधी म्हणायचं? मी पाच वेगवेगळ्या खोल्यांत तेच मिनिट करतो. एका माइकवरून ठरवू नका, तिथे तुमचे तीन मित्र बसलेले असतात. पाचपैकी चार वेळा एकाच जागी २ किंवा ३ आला तर ती जागा पक्की, तिला हात लावायचा नाही. सलग तीनदा १ आला तर तो टॅग काढून टाकायचा, कितीही आवडता असला तरी. माझा एक होता, काका माझ्यासाठी घाटकोपरला वडापाव घेतात असा. मला फार आवडायचा. कोणीच हसायचं नाही. गेला.

खोली बदलली की

हे मिनिट पुण्यात केलं तेव्हा 'मिळाली सीट' वर पूर्ण शांतता. पुण्यातल्या माणसाला डोंबिवली गर्दीची आहे हे माहीत असतं, पण ते अंगात नसतं. तिथे हाच जोक समजावून सांगत बसू नका, दुसरा घ्या. सांगाडा तोच राहतो. पुण्यात सिग्नलला उलटे आकडे पडतात, आणि तीन आकडा असतानाच मागचा हॉर्न मारतो, हे निरीक्षण तिथे प्रत्येकाच्या अंगात आहे. लोक काय धरून चालतात? मागच्याला घाई आहे. उलटं करा. घाई नाहीये, पुढच्या चौकात तो चहाला थांबतो, आणि तुम्ही पण तिथेच थांबता, आणि तो तुम्हाला म्हणतो, 'काय हो, किती हळू चालवता.' हे मी पूर्ण घासलेलं नाही, पण पहिलं हसू त्या 'तीन'वर येतं एवढं दोन माइकवर दिसलंय. नाशिकला किंवा नागपूरला गेलात तर तिथल्या रिक्षात बसून टिपलेलंच घ्या, मुंबईची लोकल तिथे सिनेमातली गोष्ट वाटते.

हिंदी-मराठी मिक्स माइक असेल तर 'कुठे?' चं 'किधर?' करा. खरं तर डब्यात अर्धे लोक तेच विचारतात. बाकी सगळं मराठीत ठेवून फक्त काकांचं बोलणं हिंदीत केलं तरी चालतं, मी करतो.

साठाव्या सेकंदाला

'उतरलो' वर हसू आलं की ते पूर्ण संपू देऊ नका, उतरायला लागलं की पुढचं वाक्य टाका. पुढचं मिनिट कुठे न्यायचं ते याच वाक्यात ठरतं, माझं आहे, 'मला नाही म्हणताच येत नाही कोणाला.' इथून मी लोकल सोडतो, आणि नाही म्हणता न येण्यावरचे बाकीचे किस्से येतात, सोसायटीची मीटिंग, साखरपुडा वगैरे. पहिल्या मिनिटात लोकांना कळलेलं असतं की हा माणूस संकोची आहे, त्यामुळे पुढे प्रत्येक वेळी ते नव्याने सांगावं लागत नाही.

काका मात्र खिशात ठेवायचे. वेळ संपायच्या मिनिटभर आधी मागून कोणीतरी फोनचा टॉर्च दाखवतो, लाइट दिली म्हणतात त्याला. लाइट दिसली की मी चालू किस्सा आवरतो आणि माइक परत स्टँडला लावता लावता समोरच्या रांगेतल्या एखाद्याकडे खाली बघतो, काकांसारखाच, आणि एकच शब्द टाकतो. 'कुठे?'